घोट्यावरचा तपकिरी डाग

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाचे पाय संध्याकाळी भरून येतात, हे घरात कोणी दुखणं म्हणून धरतही नाही. तेल चोळायचं, गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं आणि झोपायचं. सकाळी पाय हलके झालेले असतात, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

दादरच्या साडीच्या दुकानात काउंटरमागे वर्षानुवर्षं उभी असलेली एखादी विक्रेती डोळ्यांसमोर आणा. वय पंचेचाळीस, दोन बाळंतपणं झालेली. डाव्या पोटरीवर वळणावळणाच्या निळसर शिरा कधीच्याच दिसू लागल्या आहेत. रात्री पोटरीत गोळे येतात, चपलेचा पट्टा संध्याकाळी पायात रुततो. हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं आहे. यंदा मात्र त्याच पायाच्या आतल्या घोट्याच्या चार बोटं वर एक तपकिरी डाग पडला आणि तिथे खाज सुटली. तिने औषधांच्या दुकानातून खरजेचं मलम आणलं. असे कितीतरी पाय वर्षभर मलमावर काढतात, आणि इलाज सोपा असण्याचा काळ त्यातच निघून जातो. कारण दिसायला तो त्वचेचा डाग असला तरी बिघाड आतल्या शिरेत आहे.

पायातलं रक्त हृदयाकडे परत जातं ते वरच्या दिशेने चढून. त्याला वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये नाजूक झडपा असतात. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालू लागलं की पोटरी आकसते, रक्त वर जातं आणि तोच दाब तिशीच्या खाली उतरतो. म्हणून चार मैल चालणाऱ्यापेक्षा एका जागी चार तास उभं राहणाऱ्याचे पाय जास्त ओढतात. झडपा सैल पडल्या की चालूनही हा दाब पुरेसा उतरत नाही. कुणाच्या घराण्यातच हा दोष असतो, कुणाला गरोदरपणानंतर सुरू होतो. वाढतं वय, वजन आणि उभ्याचं काम त्यात भर घालतात. गरम पाण्याने शिरा आणखी फुगतात, तेव्हा पाय शेकण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

पाय वर ठेवायला डॉक्टर सांगतात, आणि बहुतेक जण समोरच्या स्टुलावर पाय टेकवून बसतात. त्याने थोडं बरं वाटतं, पण पाय अजून हृदयाच्या खालीच असतात. आडवं पडायचं आणि टाचा छातीपेक्षा उंच येतील असे पाय ठेवायचे, तेव्हाच साचलेलं रक्त उतरतं. फक्त गुडघ्याखाली उशी घेतली तर पोटऱ्या तशाच लोंबतात. उशांचा आधार पोटरीपासून टाचेपर्यंत हवा. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनेक वेळा जमलं तर उत्तम. दुकानातल्या बाईला ते कामावर जमणार नाही. तिने घरी पोचल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी एकदा तरी हे करावं. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवण्याचा उपाय जुना आणि चांगला आहे. हृदयविकार किंवा धाप असेल तर मात्र आधी विचारावं. आणि पाय उंच केल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर दोष शुद्ध रक्ताच्या धमन्यांत असण्याची शक्यता आहे. तो वेगळा आजार आहे.

याच कारणासाठी दाबाचे मोजे स्वतःच्या मनाने आणून चढवू नयेत. मधुमेह असलेल्या, तंबाखू-विडी ओढणाऱ्या किंवा चालताना पोटरी धरणाऱ्या माणसाच्या पावलावरची नाडी आधी तपासावी लागते, गरज पडल्यास घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहावा लागतो. धमनी अरुंद असताना घट्ट मोजा घातला तर पावलाचा रक्तपुरवठाच तुटतो.

मोजा चांगला असेल तर त्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जातो. घरी गुंडाळलेल्या क्रेप बँडेजचं अनेकदा नेमकं उलटं होतं: पोटरीला घट्ट, घोट्याला सैल, आणि पाऊल आणखी सुजतं. शिरा फुगलेल्या आणि सूज येणाऱ्या पायाला साधारणपणे दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचा, गुडघ्यापर्यंतचा मोजा देतात. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी घ्यायचं. घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि जमिनीपासून गुडघ्याच्या घडीपर्यंतची लांबी, अशी ही तीन मापं. संध्याकाळी दुकानात जाऊन ‘मिडियम द्या’ म्हणणाऱ्याच्या पायात तो नीट बसत नाही आणि आठवड्यात कपाटात जातो.

चढवायचीही रीत आहे. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, टाच जागेवर बसवायची आणि मग तळहातांनी वर सरकवत न्यायचा. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते. वरची कड दुमडायची नाही. दुमडलेली कड पोटरीला दोरीसारखी आवळते. रात्री काढून ठेवायचा. बोटं निळी पडली, बधिर झाली तर ताबडतोब उतरवायचा. रोजच्या वापराने साधारण सहा महिन्यांत त्याची ओढ संपते, मग नवा घ्यावा लागतो. मोजा घातला तोवर आराम देतो, बिघडलेली झडप मात्र दुरुस्त करत नाही. आणि तो घालूनही एका जागी ठोकळ्यासारखं उभं राहू नये: गिऱ्हाईक साडी न्याहाळत असताना टाचा वीस-पंचवीस वेळा उचलल्या तरी पोटरी कामाला लागते. बसायला स्टूल देणं मालकाच्या मर्जीवर सोडू नये, हे केरळमधल्या विक्रेत्या स्त्रियांनी लढून दाखवलं. तिथल्या दुकानांच्या कायद्यात २०१८ साली बसण्याची सोय बंधनकारक झाली.

आता त्या डागाकडे येऊ. शिरेतला दाब सतत चढा राहिला की तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह त्वचेत साचतं आणि घोट्याच्या वर तपकिरी-काळसर छटा येते. पुढे त्वचा कोरडी पडते, खाजते, पाझरते. मग तिथला भाग कडक होतो, चिमटीत येत नाही. घोट्यावर पाय आवळल्यासारखा बारीक दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, म्हणून बोटांनी दाबून पाहावं, दोन्ही पाय शेजारी ठेवून तुलना करावी. पांढरट, नितळ चट्टे उठले किंवा किरकोळ खरचटलेलं दोन आठवड्यांत भरलं नाही, तर जखमेची सुरुवात झाली असं समजावं. स्टिरॉइड मिसळलेली मलमं इथे परस्पर लावली तर त्वचा आणखी पातळ होते, आणि निओमायसिनसारख्या औषधांची अशा त्वचेला सहज ॲलर्जी येते.

डाग दिसला की रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जाऊन कलर डॉपलर करून घ्यावं. ही तपासणी रुग्णाला उभं करून करतात, म्हणजे कोणत्या झडपेतून रक्त मागे येतं ते दिसतं. ती शिर लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करता येते. त्यासाठी बहुधा भूल फक्त त्या जागेपुरती लागते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. जखम झाल्यावरही थांबण्यात लाभ नाही. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात सर्वांना दाबाची पट्टी दिली होती. ज्यांची शिर लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबवून ठेवलेल्यांना ८२ दिवस लागले. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

दोन प्रसंगी मात्र वेळ ठरवून जाण्याची वाट पाहू नये. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठावं. दुसरा प्रसंग फुगलेली शिर फुटण्याचा. रक्ताची चिळकांडी पाहून माणूस घाबरून उठून उभा राहतो, आणि त्याने रक्त अधिकच वाहतं. त्याला आडवं करावं, पाय उंच धरावा, स्वच्छ फडक्याने जागेवर दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून ठेवावं, मध्ये उचलून पाहू नये, आणि मग तसंच बांधून दवाखान्यात न्यावं.