कापलेल्या वेणीखालच्या दोन ओळी

कमरेपर्यंतची वेणी कापून खांद्यापर्यंतचा बॉब केला, फोटो छान आला आणि घोडं अडलं ते खालच्या ओळीवर. 'न्यू लूक' एवढंच लिहावं तर ते कोरडं वाटतं. 'आज मी फारच सुंदर दिसतेय' लिहायला जीभ रेटत नाही. मग घाईत लिहिलं जातं, 'माकड दिसतेय, हसू नका.' आणि चांगल्या फोटोची तिथेच माती होते.

स्वतःची थट्टा केव्हा गोड वाटते आणि केव्हा केविलवाणी, याचा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या उमेदवारांची ध्वनिमुद्रणं ऐकवली. एक उमेदवार 92 टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसरा जेमतेम 30 टक्के. काही मुद्रणांत शेवटी उमेदवाराच्या हातून कॉफी नव्या सुटावर सांडते. हुशार उमेदवार कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. बेताचा उमेदवार मात्र होता त्याहूनही नावडता झाला. चूक तीच, पण तिच्याआधी काय ऐकलं होतं यावर सगळं ठरलं.

फोटोखालच्या ओळीलाही हेच लागू पडतं. आधी ठामपणा दिसला पाहिजे, मग कॉफी सांडली तरी चालते. थट्टाही चेहऱ्याची, रंगाची किंवा वजनाची नको. आपल्या सवयीची, घाबरण्याची, झालेल्या फजितीची हवी. चेहऱ्याची थट्टा केली की वाचणाऱ्याला समजूत घालावी लागते. फजिती मात्र सगळ्यांच्याच वाट्याला आलेली असते, म्हणून तिच्यावर मोकळेपणाने हसता येतं.

समजा, ही वेणी बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंची आहे. त्यांचा पहिला मसुदा: 'केस कापले. कसे दिसतात? खरं सांगा हं.' यात निर्णय त्यांचा, पण निकाल मात्र लोकांच्या हाती दिलेला. दुसरा मसुदा: 'केस कापले, आता मी नवी, निर्भय, स्वतंत्र स्त्री!' खांद्यापर्यंतच्या केसांना हे ओझं जड आहे, आणि असं वाक्य कुणाच्याही फोटोखाली चिकटवता येईल.

मग त्यांनी त्या दिवशी खरंच काय घडलं ते आठवावं. केस कमी झाले तरी सकाळी तळहातावर शाम्पू जुन्याच मापाने ओतला गेला आणि अर्धी बादली फेसाने भरली. ओळ तयार झाली: 'वेणी गेली, मान ताठ झाली. शाम्पू मात्र अजून जुन्याच हिशोबाने ओततेय.' पहिल्या वाक्यात निर्णयाचा आनंद आहे, दुसऱ्यात फजिती. ती फजिती त्यांचीच असल्याने ओळ उसनी वाटत नाही.

पुरुषांनाही हे जमतं. वीस वर्षांची मिशी काढलेल्या गृहस्थांनी 'आता मी विचित्र दिसतो' लिहिण्यापेक्षा 'मिशी काढली, चेहरा आवडला. घरच्या कुत्र्याची खात्री पटवणं चालू आहे' लिहावं.

जागेचाही विचार हवा. इन्स्टाग्रामवर 2,200 अक्षरं लिहिता येतात, पण फोटोखाली सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून गंमत वरच आटपावी आणि एकच ठेवावी. दुसरा विनोद जोडला की पहिल्यावर आपलाच विश्वास नव्हता असं वाटतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मावशीचा 'एवढे लांबसडक केस कापलेस?' हा प्रश्न ठरलेलाच. तिथे 'आईला अजून सांगितलेलं नाही, इथेच कळेल' ही ओळ त्याची धार आधीच काढून घेते.

पार्लरमधून निघताना ब्लो ड्राय केलेले केस पहिल्यांदा धुवेपर्यंतच तसे राहतात. त्यामुळे 'हा फोटो पार्लरमधला. उद्या धुतल्यावर चौकशी करू नये' हेही खरं आणि हसवणारं आहे. कपाळावरची झालर मात्र फार आखूड कापली गेली असेल, तर रागाच्या भरात काही लिहू नये. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ती झालर काही महिने सोबत राहणार आणि लिहिलेली ओळही. आजारपणात गेलेल्या केसांवर थट्टा करायची की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवावं. इतरांनी तिथे विनोद करू नये.

ओळ जमली की नाही, हे खालच्या प्रतिक्रियांवरून कळतं. 'अगं नाही, छान दिसतेस' अशी समजूत येऊ लागली तर थट्टा जास्त झाली. लोक आपापल्या शाम्पूच्या आणि मिश्यांच्या गोष्टी सांगू लागले तर ओळ साधली. मग कुणी 'सुंदर!' म्हटलं की 'कसलं गं, असंच आपलं' असं लिहून सगळं पुसून टाकू नका. थँक्यू म्हणा आणि थांबा.