चार महिन्यांत उकललेला बूट

नवा बूट चार महिन्यांत चवड्याजवळ उकलला की बहुतेक जण दोहोंपैकी एक मार्ग धरतात. एक तर कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे जाऊन तो चिकटवून घेतात, नाहीतर दुकानात जाऊन तावातावाने बोलून येतात. वॉरंटीच्या दृष्टीने दोन्ही तोट्याचे. बाहेर चिकटवलेला बूट पाहिला की कंपनीला ‘तुम्ही अन्यत्र दुरुस्ती केली’ एवढे म्हणून हात झटकता येतात, आणि तोंडी वादाची नोंद कुठेच राहत नाही. बदलून नवा जोड हवा असेल तर बूट आहे तसा ठेवून कंपनीला पत्र लिहावे लागते. त्या पत्रात संताप कितीही असला तरी चालतो असे नाही. बूट नेमका कुठून आणि कसा सुटला हे मात्र असावेच लागते. त्यासाठी आधी बूट पाहता यायला हवा.

बाजारातले बहुतेक मध्यम किमतीचे बूट शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. धंद्यातली माणसे त्याला ‘पेस्टिंगचा माल’ म्हणतात. सोलच्या कडेने टाके दिसले तरी हुरळून जाऊ नये, पुष्कळदा ते साच्यातच उमटवलेले असतात. (कोल्हापुरी चपलेला हा आजार नाही, कारण तिचे थर चामड्याच्या वादीने शिवतात.) कारखान्यात बुटाचा वरचा भाग, म्हणजे अप्पर, फर्म्यावर ताणून बसवतात. त्याची खालची कडा खरवडून खडबडीत करतात, कारण चामड्याच्या गुळगुळीत, रंगवलेल्या पापुद्र्यावर गोंद लावला तर गोंद पापुद्र्याला धरतो आणि पापुद्रा चामड्यापासून सुटतो. सोलही पुसून, त्याच्या जातीप्रमाणे प्रायमर लावून तयार करतात. मग दोन्ही बाजूंना गोंद लावून तो सुकवतात, साधारण 60 ते 80 अंश उष्णता देऊन पुन्हा चिकट करतात, आणि तो गरम असतानाच सोल बसवून प्रेसमध्ये दाबतात.

यातली कोणतीही पायरी घाईत उरकली तरी बूट दुकानात ठणठणीत दिसतो. सोल साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेल्या सिलिकॉनचा अंश त्यावर राहिला, अप्पर नीट खरवडले गेले नाही, किंवा गरम केलेला गोंद प्रेसखाली जाण्याआधीच निवला, तर जोड बसल्यासारखा वाटतो पण धरत नाही. चालताना बूट चवड्यापाशी सर्वांत जास्त वाकतो, त्यामुळे कच्चा जोड बहुधा तिथूनच उघडतो. म्हणूनच असा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतो. चार महिने वापरला, मग दोष आमचा कसा, या दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

आता उघडलेली फट उजेडात धरा. ती आणखी फाडू नका, हलक्या हाताने जेवढी उघडते तेवढीच उघडा. गोंदाचा सबंध थर सोलवर राहिला असेल आणि अप्परची कडा कोरी, गुळगुळीत असेल, तर गोंदाने अप्परला धरलेच नव्हते. उलट गोंद अप्परवर आणि सोल स्वच्छ, तर सोलची तयारी कमी पडली. या दोन्ही खुणा कारखान्याकडे बोट दाखवतात. गोंदावर चामड्याचे किंवा कापडाचे तंतू उपटून चिकटलेले दिसले तर गोष्ट वेगळी: गोंदाने पकड सोडली नाही, वरचे साहित्यच फाटले. बूट कशात तरी अडकून ओढला गेला, असे कंपनी म्हणू शकते आणि ते खरेही असू शकते. गोंद मऊ, तार सुटणारा झाला असेल तर बूट तापला का ते आठवून पाहा. उष्णतेने जागा होणारा गोंद उष्णतेनेच सैल पडतो. पावसात भिजलेला बूट हीटरपुढे किंवा गॅसच्या शेगडीजवळ वाळवणे हे त्याचे नेहमीचे कारण, आणि वॉरंटीच्या अटींत ते बहुधा वगळलेले असते.

आणखी एक प्रकार जोड सुटण्यासारखा दिसतो पण वेगळा असतो. सोल सुटत नाही, कुरकुरीत होऊन त्याचे तुकडे पडतात. पॉलियुरेथेनचे काही सोल हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतात, न वापरता खोक्यात ठेवले तरीही. त्याला चार महिने नाही, सहसा काही वर्षे लागतात. म्हणून चार महिन्यांत असे झाले तर खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. वेष्टनावर हे छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, तसेच उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्कही. सेलमध्ये घेतलेला बूट दुकानात येण्याआधीच म्हातारा झालेला असेल तर ते पत्रात लिहिण्यासारखे आहे.

समजा, 14 जून 2025 रोजी 2,899 रुपयांना एक जोड घेतला. खोक्यातल्या कार्डावर उत्पादनदोषासाठी 6 महिन्यांची वॉरंटी आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर उजव्या बुटाचा सोल बाहेरच्या बाजूने उघडला. पत्र असे होईल:

‘महोदय,

मी आपल्या कंपनीचा बूट (मॉडेल व बॅच क्रमांक जिभेच्या आतील लेबलप्रमाणे सोबतच्या फोटोत, माप 8) 14 जून 2025 रोजी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून 2,899 रुपयांना घेतला. बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत जोडली आहे.

16 ऑक्टोबर रोजी उजव्या बुटाचा सोल चवड्याच्या बाहेरील बाजूस सुटल्याचे दिसले. फट सुमारे 6 सेंटिमीटर लांब आहे. गोंदाचा थर पूर्णपणे सोलवर असून अप्परच्या कडेवर गोंद किंवा उपटलेले तंतू नाहीत. सोलच्या तळाची नक्षी शाबूत आहे. डावा बूट सुस्थितीत आहे. बूट ऑफिसला जाता-येता वापरला. तो धुतलेला नाही, उष्णतेजवळ वाळवलेला नाही, कुणाकडून दुरुस्त करून घेतलेला नाही.

हा जोडणीतील उत्पादनदोष असून तो आपल्या 6 महिन्यांच्या वॉरंटीत येतो. याच मॉडेलचा व मापाचा नवा जोड द्यावा. तो उपलब्ध नसल्यास पूर्ण किंमत परत करावी. तपासणीसाठी बूट कुठे जमा करायचा ते कळवावे आणि पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर द्यावे, ही विनंती.’

एवढेच. या पत्राचे सगळे वजन दुसऱ्या परिच्छेदात आहे. ‘निकृष्ट दर्जा’ आणि ‘फसवणूक’ हे शब्द तक्रार विभागात रोजच येत असणार; त्यांना उत्तर देण्याची गरज कुणाला वाटत नाही. ‘गोंद सोलवर, अप्पर कोरे’ या वाक्याला मात्र उत्तर द्यावे लागते. डावा बूट चांगला आहे हे लिहिणे स्वतःच्या विरोधात जाते असे काहींना वाटते. मला उलट वाटते: तीच वाट, तेच पाणी, तोच माणूस, आणि एकच बूट उकलतो, तेव्हा वापराला दोष देणे कंपनीला अवघड जाते. तळाची नक्षी शाबूत असल्याचा उल्लेखही त्याचसाठी, कारण झिजेचा पुरावा तळावरच असतो. वापराबद्दलच्या वाक्यात मात्र जे खरे आहे तेच लिहा. बूट एकदा पावसात भिजला असेल तर तसे सांगा. नीट बसलेला जोड एखाद्या सरीने सुटत नाही.

सोबत फोटो जोडताना पूर्ण जोड, फटीजवळ ठेवलेली मोजपट्टी, दोन्ही तळ आणि आतले लेबल एवढे पुरते. बिलाची मूळ प्रत कधीही पाठवू नका. दुकानातली थर्मल कागदाची बिले काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा खरेदीच्या दिवशीच फोटो काढलेला बरा. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने उत्पादकाला पाठवा, प्रत विक्रेत्याला द्या. बूट जमा करताना तारीख, मॉडेल आणि दोषाचे वर्णन लिहिलेली पावती घ्या. ‘1 जोड बूट’ एवढ्या पावतीचा उपयोग नाही.

उत्तर बहुधा तीनपैकी एक येते. नवा जोड मिळाला तर प्रश्न मिटला. ‘आम्ही पुन्हा चिकटवून देतो’ असे आले तर वॉरंटी कार्ड वाचा, कारण पुष्कळ कार्डांवर दुरुस्ती की बदली हे कंपनी ठरवेल असे बारीक अक्षरांत असते. तसे असेल तर दुरुस्ती लेखी नोंदवून स्वीकारावी, हे माझे मत. जुना गोंद काढून पुन्हा खरवडल्याशिवाय वरून लावलेला गोंद फार टिकत नाही, आणि तो परत सुटला तर दुसरे पत्र पहिल्यापेक्षा भक्कम होते. तिसरे उत्तर म्हणजे ‘ही सामान्य झीज आहे’. त्यावर तपासणीचा लेखी अहवाल मागावा. जोडाची ताकद मोजता येते. सेफ्टी शूजच्या आंतरराष्ट्रीय मानकात ती दर मिलिमीटर रुंदीला किमान 4 न्यूटन लागते. म्हणजे 1 सेंटिमीटर रुंद पट्टी सोलवरून सोलून काढायला सुमारे 4 किलो वजनाइतका ओढ लागला पाहिजे. साध्या बुटाला हे मानक लागू नाही, पण सोल चिकटलेला असणे म्हणजे काय याची कल्पना त्यातून येते.

वॉरंटी 6 नव्हे तर 3 महिन्यांचीच असेल तर? मग चौथ्या महिन्यात कंपनीच्या कार्डाचा आधार उरत नाही, पण पत्र लिहायचे थांबू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष वस्तूविरुद्ध तक्रारीसाठी कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, आणि दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा किंमत परत करणे असे आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो. अशा वेळी पत्रातून ‘वॉरंटीत येतो’ हे वाक्य काढून ‘हा दोष जोडणीच्या वेळचा आहे, वापरातून आलेला नाही’ असे लिहावे. मुदत संपल्यावर दोष सिद्ध करण्याचा भार जास्त जाणवतो, तेव्हा फटीचे फोटो आणखी महत्त्वाचे.

15 दिवसांत उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथून ती कंपनीकडे पाठवली जाते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आयोग बूट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्या चाचणीचे पैसे आधी तक्रारदाराला भरावे लागतात. 2,899 रुपयांच्या बुटासाठी तारखा आणि चाचणीचा खर्च परवडतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे. तोवर तो बूट पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा आणि घरातल्या कुणी तो मायेने चिकटवून आणणार नाही एवढे पाहा.