व्हाउचरच्या फोटोतून आकडा कसा वाचला? ऑडिटरला द्यायचे एक पत्र

गावोगावी काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब आता मोबाईलवरून गोळा होतो. कार्यकर्ता चहापाण्याची पावती, रिक्षाचे बिल, मजुरीचे व्हाउचर यांचे फोटो काढून कार्यालयात पाठवतो. तिथे सॉफ्टवेअर फोटोतली रक्कम वाचते, तक्ता तयार करते आणि वर्षअखेरीस तो तक्ता ऑडिटरसमोर जातो. तक्ता दिसतो नीटनेटका, पण त्यातला कोणता आकडा माणसाने कागदाशी ताडून पाहिला आणि कोणता यंत्राने वाचला तसाच राहिला, हे त्यावरून कळत नाही. ते सोबतच्या पत्रात लिहायचे असते.

ऑडिटरला याची गरज का, याचे उत्तर इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या लेखापरीक्षण मानक ५०० मध्ये आहे. मूळ कागद हा त्याच्या छायाप्रतीपेक्षा किंवा डिजिटल प्रतीपेक्षा अधिक विश्वासार्ह पुरावा मानला जातो. प्रतीवर किती भिस्त ठेवायची, हे ती कशी तयार झाली आणि कशी जपली यावर ठरते. म्हणजे ‘सर्व आकडे तपासले आहेत’ एवढ्या वाक्याने ऑडिटरचे काम भागत नाही. कोणी तपासले, कशाशी ताडून, आणि चूक सापडल्यावर काय केले, हे त्याला हवे असते.

उदाहरण म्हणून एक छोटी संस्था घेऊ. वर्षभरात ४१२ व्हाउचरचे फोटो आले. गावातला कार्यकर्ता खर्च होताच हाताने कीर्द लिहितो, फोटो नंतर पाठवतो. ही कीर्द फार मोलाची आहे, कारण ती सॉफ्टवेअरच्या वाचनावरून तयार झालेली नाही. यंत्राने वाचलेले आकडेच कीर्दीत उतरवले असते, तर दोन्हींची बेरीज जुळली तरी त्याला काही अर्थ उरला नसता.

हिशोबनीस बाईंनी ५,००० रुपयांवरची ३८ व्हाउचर आधी बाजूला काढली आणि एकूण एक मूळ कागदाशी ताडली. ही निवड त्यांनी कीर्दीवरून केली, यंत्राच्या तक्त्यावरून नाही. त्याचा फायदा लगेच दिसला. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. एका पावतीवर तो नेमका रकमेवर चढला होता, आणि 18,500 मधले पहिले दोन अंक झाकले गेल्याने यंत्राने 500 एवढेच वाचले होते. तक्त्यावरून मोठ्या रकमा निवडल्या असत्या, तर ही पावती किरकोळ खर्चात जाऊन बसली असती. मोठा आकडा लहान वाचला जाणे ही या पद्धतीतली सर्वांत धोक्याची चूक आहे, कारण ती स्वतःच तपासणीतून निसटते.

मग आली शंकास्पद व्हाउचर, एकूण ९६. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नव्हती, फोटो हलला होता किंवा पावती मराठी आकड्यांत हाताने लिहिलेली होती, अशी ही सगळी. इंग्रजी आकडे अपेक्षिणाऱ्या यंत्राला मराठी १ हा 9 वाटू शकतो. या गठ्ठ्यात ११ चुका निघाल्या. मराठी हस्ताक्षर वाचणे अवघड असल्याने त्याचे कोणाला नवल वाटले नाही.

उरलेल्या २७८ मध्ये सगळी साधी, छापील, स्पष्ट बिले होती. त्यातले दर दहावे बिल कागदाशी ताडायचे ठरले. अशी २८ बिले पाहिली आणि एक चूक सापडली. रिक्षाच्या बिलावर `120/-` होते आणि तक्त्यात `1201`. रकमेपुढची तिरकी रेघ यंत्राला एक हा अंक वाटली, आडवी रेघ गळून गेली. आपल्याकडे ‘/-’ लिहायची सवय इतकी रुळली आहे की ही चूक कुठेही भेटू शकते.

खरी कसोटी इथे लागते. नमुन्यातली एक चूक दुरुस्त करून पुढे जाणे सोपे असते, पण ती चूक न पाहिलेल्या २५० बिलांबद्दलही काही सांगत असते. बाईंनी आधी कारण शोधले, मग त्याच कारणाने आणखी कुठे घोळ झाला असेल ते पाहिले. उरलेल्यांपैकी ज्या रकमा १ वर संपत होत्या अशी १७ बिले काढली. त्यांपैकी ६ चुकीची निघाली. न तपासलेली बिले आता २३३ राहिली.

या चुकीची एक खूणही आहे. 450/- चे 4501 झाले तर फरक 4051 पडतो. त्याला नऊने भागले की बाकी १ उरते. अशा एकाच चुकीत बाकी नेहमी १ असते. दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र फरकाला नऊने नेमका भाग जातो, ही हिशोबनिसांची जुनी युक्ती.

तीही पुढे कामी आली. सगळ्या दुरुस्त्यांनंतर तक्त्याची बेरीज ८,९४,६१५ आणि कीर्दीची ८,९४,३४५ होती. फरक २७०, नऊने नेमका भाग जाणारा. यंत्र सहसा अंकांची अदलाबदल करत नाही, माणूस लिहिताना करतो. म्हणून शोध कीर्दीत घेतला. एका तपासलेल्या व्हाउचरवर ८५० होते, कीर्दीत ५८० लिहिले गेले होते. इथे यंत्राचे वाचन बरोबर होते.

हे सगळे पत्रात कसे उतरावे? ‘काळजीपूर्वक पडताळणी केली’ असे लिहिण्यापेक्षा असे:

‘मा. लेखापरीक्षक, सप्रेम नमस्कार. एकूण ४१२ व्हाउचरांची रक्कम फोटोवरून सॉफ्टवेअरने वाचली आहे. त्यांपैकी १७९ रकमा आम्ही हाताने तपासल्या. ५,००० रुपयांवरील ३८ व्हाउचर कीर्दीवरून निवडून मूळ कागदाशी ताडली, चूक १. शंकास्पद ९६, चुका ११. उरलेल्यांतून दर दहावे, एकूण २८, चूक १. तीच चूक शोधण्यासाठी आणखी १७ पाहिली, चुका ६. उर्वरित २३३ रकमा, एकूण रु. ६१,२४०, एकेक करून तपासलेल्या नाहीत. दुरुस्तीनंतर तक्त्याची बेरीज कीर्दीशी जुळते. मात्र परस्परांना खोडणाऱ्या चुका बेरजेत दिसणार नाहीत. दुरुस्त केलेल्या रकमांची मूळ वाचनासह यादी सोबत जोडली आहे.’

यातले ‘तपासलेल्या नाहीत’ हे शब्द लिहायला अनेकांचा हात अडखळतो. तसे अडण्याचे कारण नाही. ऑडिटर स्वतःचा नमुना त्या २३३ मधूनच काढेल आणि पत्रामुळे त्याला कुठे पाहायचे ते कळेल. दुरुस्तीची यादी जुन्या आकड्यांसह द्यायची तीही यासाठीच. नुसता सुधारलेला तक्ता दिला, तर चुका कोणत्या जातीच्या होत्या हे पुसले जाते.

एक गोष्ट पत्रात वेगळी नोंदवावी लागते. शंकास्पद ९६ पैकी ९ बिले पेट्रोल पंपाची, थर्मल कागदावरची होती. उष्णतेने आणि उजेडाने हा कागद फिका पडतो, आणि वर्षअखेरीस फाईल उघडली तेव्हा ती जवळपास कोरी झाली होती. त्यांच्या रकमा फोटो मोठा करून डोळ्यांनी वाचल्या, म्हणजे तपासल्या खऱ्या, पण कागदाशी नव्हे. पत्रात त्या नऊ बिलांचे क्रमांक द्यावेत आणि गाडीच्या लॉगबुकातल्या त्या-त्या दिवसाच्या किलोमीटरच्या नोंदी सोबत लावाव्यात, कारण ऑडिटर त्या बिलांसाठी पुढचा कागद तोच मागणार.