फाईल जोडायची राहिली, हे मेलला कळतं कसं?

‘सोबत सुधारित कोटेशन पाठवत आहे’ असं लिहून मेल जातो आणि तासाभराने पलीकडून उत्तर येतं, ‘फाईल दिसत नाही.’ अशा वेळी राग येतो तो मेलच्या प्रोग्रामवर. परवा 2 बीएचके फ्लॅटची माहिती पाठवताना काही कारण नसताना ‘फाईल राहिली का?’ म्हणून त्याने अडवलं होतं, आणि आज खरी गरज असताना तो गप्प बसला. या दोन्ही वागण्यांचं मूळ एकच आहे. थंडरबर्ड या मोफत प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे त्यात ते नीट पाहता येतं.

थंडरबर्डला तुमच्या मजकुराचा अर्थ कळत नाही. त्याच्याकडे शब्दांची एक यादी असते. इंग्रजी आवृत्तीतल्या यादीत मुख्यतः असे शब्द आहेत:

```
.doc, .pdf, attach, attached, attachment, enclosed, CV, cover letter
```

तुम्ही टाइप करत असताना तो अधूनमधून मजकूर तपासतो. यादीतला शब्द सापडला आणि मेलला एकही फाईल जोडलेली नसेल, तर खाली पिवळसर पट्टी येते आणि कोणता शब्द सापडला तेही तिच्यात लिहिलेलं असतं. तरीही तुम्ही Send दाबलंत तर तो पुन्हा एकदा विचारतो. तपासणी एवढीच.

आता फ्लॅटचा मेल पाहा. त्यात ‘with attached bathroom’ असं लिहिलेलं होतं. शब्द यादीत होता, फाईल नव्हती, म्हणून इशारा आला. फोटो जोडण्याऐवजी थेट मजकुरात चिकटवला तरीही असंच होतं, कारण प्रोग्राम फक्त जोडलेल्या फायलींची पेटी बघतो आणि मजकुरातलं चित्र त्या पेटीत नसतं. काही चुका टाळायची काळजी मात्र घेतलेली आहे. उत्तर देताना खाली येणारा समोरच्याचा जुना मजकूर आणि तुमची स्वाक्षरी तपासणीतून वगळली जाते. नाहीतर कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या ‘attached’वरून दर उत्तराला इशारा आला असता. `.pdf`ने संपणारी वेबलिंकही सोडून दिली जाते.

कोटेशनच्या मेलला इशारा का आला नाही, हेही आता उघड आहे. ‘सोबत’ आणि ‘पाठवत आहे’ हे शब्द यादीत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्याला ही सोय जवळजवळ मिळतच नाही, आणि हे खटकण्यासारखंच आहे. उपाय आपल्या हातात आहे: सेटिंग्जमध्ये Composition विभागात ‘Check for missing attachments’च्या शेजारी ‘Keywords…’ असं बटण आहे, तिथे शब्द घालता किंवा काढता येतात.

पण मराठी शब्द घालताना थोडा विचार करावा लागतो. आपण ‘जोडली आहे’, ‘जोडले आहे’, ‘जोडत आहे’, ‘जोडलेल्या फाईलमध्ये’ असं काहीही लिहितो, त्यामुळे जी रूपं तुम्ही खरोखर वापरता ती एकेक करून घालावीत. ‘सोबत’ घालायचा मोह होतो. पण ‘तुमच्यासोबत’, ‘सोबत जेवायला या’ असं जो रोज लिहितो त्याला त्याचा ताप होईल. ‘ॲटॅचमेंट’ची गोष्ट आणखी वेगळी. सुरुवातीचं ॲ तीन प्रकारे टाइप होतं: ॲ हे एकच अक्षर म्हणून, अ आणि चंद्र मिळून, किंवा त्या दोघांच्या मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते तीन निराळे शब्द आहेत. यादीतला शब्द फोनवरच्या कीबोर्डवरून आलेला असेल आणि मेल तुम्ही संगणकाच्या कीबोर्डवरून लिहीत असाल, तर इशारा येणार नाही आणि कारणही डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून ज्या कीबोर्डवर मेल लिहिता त्याच कीबोर्डवर यादी भरावी. मग कोरा मेल उघडून एकेक शब्द टाइप करून पाहावा. पट्टी आली की शब्द जुळला.

जीमेलमध्ये ही मोकळीक नाही. तो सापडलेला शब्दसमूह दाखवून ‘फाईल जोडलेली नाही, तरी पाठवू का?’ असं विचारतो, पण त्याची यादी तुम्हाला बदलता येत नाही.

शब्द कितीही घातले तरी थंडरबर्डमध्ये एक जागा उघडी राहते. जुना मेल फॉरवर्ड करताना त्यातली जुनी फाईल आपोआप पेटीत येते. वर तुम्ही ‘revised rates attached’ असं लिहिता, पण नवी फाईल जोडायला विसरता. पेटी रिकामी नसल्यामुळे इशारा येत नाही आणि ग्राहकाकडे गेल्या वर्षीचे दर जातात. जोडलेली फाईल कोणती आहे, हे प्रोग्राम पाहतच नाही. तिथे पाठवण्याआधी फाईलचं नाव आपणच वाचायचं.