एक उत्तर हाती असेल तर

व्हेनिसच्या राज्यात राहणाऱ्या याकोपो रिकाती या गणितज्ञाने १७२४ साली काही समीकरणे प्रसिद्ध केली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जातात. दिसायला ती साधी असतात. y किती वेगाने बदलतो हे सांगताना त्यात y चा वर्ग येतो, एवढेच. पण हा वर्गच सगळा घोळ घालतो, कारण पहिल्या कोटीची एकघाती समीकरणे ठरलेल्या रीतीने सुटतात आणि वर्ग आला की ती रीत लागू पडत नाही.

मात्र एखादे उत्तर आधीच माहीत असेल तर चित्र पालटते. हे समीकरण घ्या:

y' = y² − 2/x²

उजवीकडे 1/x² आहे, तेव्हा y = a/x असे उत्तर असेल का, हे पाहावेसे वाटते. तसे मांडले की a² + a − 2 = 0 मिळते, म्हणजे a = 1 चालतो. y = 1/x हे एक उत्तर सापडले.

आता खरे उत्तर यापेक्षा v ने वेगळे आहे असे धरू: y = 1/x + v. वर्ग उलगडल्यावर v नसलेली सगळी पदे परस्पर कटतात, कारण 1/x स्वतः समीकरण पाळतो. उरते ते असे:

v' = 2v/x + v²

वर्ग अजून आहेच, पण v नसलेले पद गेल्यामुळे आता पूर्ण समीकरणाला v² ने भागता येते. v = 1/u लिहिले की

u' + (2/x)u = −1

हे झाले एकघाती. दोन्ही बाजूंना x² ने गुणले की डावीकडे x²u चा अवकलज तयार होतो, आणि संकलनानंतर u = (K − x³)/(3x²). म्हणून

y = 1/x + 3x²/(K − x³)

चुका बहुधा चिन्हात होतात. v' = −u'/u² मधला उणे निसटला की पुढचे सगळे फसते. त्यामुळे ताळा घ्यावा. K = 0 ठेवले की y = −2/x येते, आणि a चे दुसरे मूल्य −2 हेच होते! हाती असलेले 1/x मात्र K च्या कुठल्याच किमतीला मिळत नाही. तिथे v शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. ते उत्तर वेगळे नोंदवायला हवे, आणि परीक्षेत नेमके तेच विसरले जाते.

x = 1 ला y = 2 असेल तर K = 4 येतो. मग x सुमारे 1.587 झाला की छेद शून्य होतो आणि y अनंताकडे जातो. मूळ समीकरणात त्या जागी काहीच विशेष दिसत नाही. संगणकावर टप्प्याटप्प्याने आकडेमोड करताना टप्पा मोठा ठेवला, तर ही जागा नकळत ओलांडली जाते आणि पलीकडे निरर्थक आकडे मिळतात.

पहिले उत्तर कसे शोधावे याचा सर्वसाधारण नियम नाही. y' = x² + y² हे त्याहून साधे दिसणारे समीकरण नेहमीच्या फलांच्या आणि त्यांच्या संकलनांच्या आधाराने सुटत नाही. तशी समीकरणे कोणती, हे लियुव्हिलने १८४१ मध्ये सिद्ध केले. या समीकरणाचे उत्तर लिहायला बेसेल फले लागतात.