तीन महिन्यांच्या फरकाने बदललेला परतावा

डिसेंबर 2016 अखेर निफ्टी 50 हा निर्देशांक 8185.80 वर होता आणि डिसेंबर 2019 अखेर 12168.45 वर. म्हणजे त्या तीन वर्षांत दरसाल सुमारे 14 टक्के चक्रवाढ. आता हीच तीन वर्षे फक्त तीन महिने पुढे सरकवून पाहा. मार्च 2017 अखेर 9173.75 आणि मार्च 2020 अखेर, करोनाच्या पडझडीत, 8597.75. परतावा दरसाल उणे 2 टक्के! लाभांश धरला तर आकडे थोडे वर सरकतील, पण दरी मिटणार नाही. निर्देशांक तोच होता, बदलली फक्त आत शिरण्याची तारीख.

म्हणून फंडाच्या माहितीपत्रकातला ‘तीन वर्षांचा परतावा’ मला अपुरा वाटतो. तो एकाच तारखेला आत आलेल्या माणसाचा अनुभव सांगतो. रोलिंग रिटर्न प्रत्येक महिन्यात आत आलेल्याचा हिशेब मांडतो.

तो घरी काढता येतो. ॲम्फीच्या संकेतस्थळावर फंडांची जुनी एनएव्ही मिळते. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही घ्या, तीही ग्रोथ पर्यायाचीच. लाभांश देणाऱ्या पर्यायात वाटप झाले की एनएव्ही तेवढी उतरते आणि नसलेला तोटा दिसू लागतो. दहा वर्षांच्या 121 नोंदी B2 पासून B122 पर्यंत लिहा आणि C38 मध्ये हे सूत्र द्या:

```
=(B38/B2)^(12/36)-1
```

ते C122 पर्यंत खाली ओढले की तीन-तीन वर्षांचे 85 परतावे तयार होतात. सरासरीकडे धावू नका. आधी सर्वांत कमी परतावा पाहा, मग मधला, आणि 85 पैकी किती वेळा परतावा मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा कमी पडला ते मोजा. सातत्याचा अंदाज या शेवटच्या मोजणीतून येतो. दोन फंडांची सरासरी सारखीच असेल, पण एकाने पाच वेळा निराश केले आणि दुसऱ्याने तीस वेळा, तर त्यांना एका रांगेत बसवता येणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. हे 85 आकडे म्हणजे 85 वेगळ्या परीक्षा नव्हेत. शेजारच्या दोन कालखंडांत 36 पैकी 35 महिने तेच असतात. दहा वर्षांत एकमेकांवर न चढणारे तीन वर्षांचे तुकडे जेमतेम तीनच बसतात. मार्च 2020 ची पडझड काही आकडे खाली ओढते, आणि त्याच तळापासून मोजलेला मार्च 2023 पर्यंतचा परतावा निफ्टीतही दरसाल 26 टक्क्यांवर जातो. त्यामुळे फंडाच्या रकान्याशेजारी त्याच्या निर्देशांकाचा, लाभांशासह मोजलेला, रकाना त्याच सूत्राने मांडा आणि प्रत्येक ओळीत फंड पुढे होता की मागे ते तपासा. बाजारामुळे मिळालेला परतावा आणि फंड व्यवस्थापकाने त्यात घातलेली भर, दोन्ही तिथे वेगवेगळे दिसतात.