हरवलेला मेल, अडकलेली खाती

२००९ मध्ये ट्विटर कंपनीची तीनशेहून अधिक अंतर्गत कागदपत्रं एका फ्रेंच तरुणाच्या हाती लागली आणि त्यानं ती टेकक्रंच या संकेतस्थळाकडे पाठवली. 'हॅकर क्रोल' हे त्याचं टोपणनाव. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या न्यायालयानं त्याला स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. टेकक्रंचनं या घुसखोरीची जी हकीकत छापली, तिच्यात कुठेही गुंतागुंतीचं तंत्र नव्हतं. एका कर्मचाऱ्याच्या जीमेलवर त्यानं 'पासवर्ड विसरलो' हा पर्याय दाबला. बदलाचा दुवा कोणत्या पत्त्यावर जाईल, त्याची बहुतेक अक्षरं झाकलेली होती. पण उरलेल्या अक्षरांवरून तो हॉटमेलचा पत्ता असावा, असा अंदाज त्यानं बांधला. ते हॉटमेल खातं बरेच दिवस न वापरल्यामुळे बंद पडलं होतं आणि तोच पत्ता कुणालाही नव्यानं नोंदवता येत होता. क्रोलनं तो स्वतःच्या नावे घेतला, पुन्हा 'विसरलो' दाबलं आणि जीमेलचा दुवा थेट त्याच्या हातात आला.

मालकाला संशय येऊ नये म्हणून त्यानं जुन्या मेलमध्ये शोधाशोध करून त्या माणसाचा नेहमीचा पासवर्ड हुडकला आणि तोच जीमेलला परत लावला. त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं काहीच बदललं नव्हतं. तोच पासवर्ड त्याच्या कंपनीच्या खात्यालाही होता, आणि तिथून वाट मोकळी झाली.

बहुतेकांकडे असा एक जुना पत्ता असतो. कॉलेजात असताना उघडलेला, पहिल्या नोकरीत मिळालेला, किंवा सायबर कॅफेत बसून कुणी तरी काढून दिलेला. पुढे जीमेल आलं, फेसबुक आलं, ॲपलचं खातं आलं, आणि प्रत्येकानं नोंदणीच्या वेळी एक पर्यायी ईमेल मागितला. तोच जुना पत्ता सगळीकडे टाकला गेला. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीसारखी ही सोय. ती लागत नाही तोवर शेजारी घर सोडून गेल्याचंही कळत नाही.

पत्ता हातून जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी पाहायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो. पासवर्ड विसरला असेल, तर डबा अजून जागेवर आहे आणि तो उघडण्याचा प्रयत्न करता येतो. नोकरी सुटल्यामुळे पत्ता गेला असेल, तर डबा कंपनीच्या ताब्यात आहे. तो काही दिवस चालू ठेवावा अशी विनंती जुन्या कार्यालयाच्या आयटी विभागाला करता येते. तिसरा प्रकार वापराअभावी बंद झालेल्या खात्याचा. गूगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसू शकतं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. याहूची मुदत बारा महिन्यांची आहे. मात्र पुसलेला जीमेल पत्ता गूगल दुसऱ्या कुणाला देत नाही. याहूनं २०१३ मध्ये वर्षभर निष्क्रिय असलेले पत्ते नव्या लोकांना वाटले होते. त्यानंतर काही नव्या मालकांना आधीच्या मालकांचे खासगी मेल येऊ लागले, इतके की 'हा मेल माझा नाही' असं सांगणारं बटण याहूला द्यावं लागलं.

आपला पत्ता यातल्या कोणत्या अवस्थेत आहे, हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. दुसऱ्या खात्यावरून त्या पत्त्यावर एक कोरा मेल पाठवायचा. 'असा वापरकर्ता नाही' अशा अर्थाचा मजकूर घेऊन तो परत आला, तर पत्ता बंद आहे. मग त्या कंपनीच्या नोंदणीच्या पानावर तोच पत्ता टाकून पाहावा. तो उपलब्ध दिसला, तर क्षणाचाही विलंब न लावता स्वतः नोंदवावा. जुने मेल परत मिळणार नाहीत, पण पुढचे दुवे आपल्याकडे येतील आणि एखाद्या क्रोलकडे जाणार नाहीत. मेल परतच आला नाही, तर पत्ता जिवंत आहे आणि तो कुणाच्या हाती आहे हे सांगता येत नाही, असं धरून चालावं.

आता एक नमुन्याची परिस्थिती घेऊ. पुण्यातले एक गृहस्थ. जुनं ईमेल खातं बंद पडलेलं. त्यांच्या जीमेल, फेसबुक आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही खात्यांना पर्यायी पत्ता तोच. जीमेलमध्ये नोंदवलेला मोबाईल नंबर बदलून तीन वर्षं झालेली. जीमेलचा पासवर्ड आठवत नाही, पण फोनमध्ये जीमेल अजून उघडं आहे.

त्यांच्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट हा उघडा फोन आहे. अशा वेळी माणूस घाबरून नेमकं उलटं करतो: लॉगआउट करून पुन्हा आत जाऊ पाहतो, ॲप काढून टाकतो, फोन 'रीसेट' करतो. त्यानं उरलेलं एकमेव दारही बंद होतं. जिथे जिथे खातं उघडं आहे तो फोन, तो संगणक, तो ब्राउझर तसाच ठेवणं ही पहिली पायरी. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर तेही थांबवावं.

खातं उघडं असलं तरी पर्यायी पत्ता बदलताना गूगल पुन्हा पासवर्ड विचारतं. तो बहुधा ब्राउझरनं साठवून ठेवलेला असतो. क्रोमच्या सेटिंगमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये फोनचं स्क्रीन लॉक उघडून तो वाचता येतो. तिथे नसेल, तर त्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर, accounts.google.com/signin/recovery हे पान उघडावं. घर आणि नेहमीचं उपकरण यांचा आग्रह अशासाठी की खरा मालक कोण हे ठरवताना गूगल ओळखीचं उपकरण, ब्राउझर आणि ठिकाण विचारात घेतं. गावी गेल्यावर भावाच्या लॅपटॉपवरून केलेला प्रयत्न फसतो आणि तोच घरून यशस्वी होतो, याचं कारण हेच. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला, तर जुना का होईना, द्यावा. प्रश्न रिकामा सोडू नये. सारखे प्रयत्न केले तर काही काळ अडवणूक होते, तेव्हा दोन प्रयत्नांत पुरेसं अंतर ठेवावं.

याच टप्प्यावर लोक इंटरनेटवर 'हेल्पलाइन' शोधतात आणि फसतात. पैसे घेऊन किंवा फोनवर ओटीपी विचारून जीमेल परत मिळवून देणारा माणूस गूगलचा नसतो. कुणी असं फसवलंच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे क्रमांकावर लगेच कळवावं.

पासवर्ड मिळाला की बांधणी सुरू होते, आणि तिला क्रम असतो. तळाशी मोबाईल नंबर. तो स्वतःच्या नावावर आणि चालू असावा. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्यावर मुख्य ईमेल, आणि त्यावर बाकीची खाती. आमच्या गृहस्थांनी आधी जीमेलमध्ये नवा नंबर नोंदवायचा, मग वेगळ्या कंपनीकडचा, स्वतः नियमित उघडत असलेला नवा पर्यायी पत्ता टाकायचा. नवा पत्ता टाकल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. कुणी परवानगीशिवाय खात्यात शिरून बदल केला तर खऱ्या मालकाला ते सावरता यावं म्हणून ही सवलत आहे, पण जुना पत्ता परक्याच्या हाती असेल तर तेच सात दिवस धोक्याचे. तेवढे दिवस खात्यातल्या सुरक्षा सूचनांवर रोज नजर ठेवावी.

मायक्रोसॉफ्ट याहून कडक आहे. जुन्यांपैकी एकही पर्याय हाती नसेल आणि सगळी सुरक्षा माहिती बदलायची असेल, तर तीस दिवस थांबावं लागतं. त्या काळात अर्ज रद्द करून पुन्हा भरण्यात अर्थ नाही. मोजणी नव्यानं सुरू होते. फेसबुकमध्ये आत असताना आधी नवा पत्ता जोडायचा, त्यावर आलेला कोड टाकून तो पक्का करायचा, आणि त्यानंतरच जुना काढायचा. हाच क्रम सगळीकडे लागू आहे, कारण आधी जुना काढला आणि नवा पक्का झालाच नाही, तर खातं अधांतरी राहतं.

काम झालं का, हे तपासायला ब्राउझरची खासगी खिडकी उघडून 'पासवर्ड विसरलो' दाबावं. पडद्यावर झाकलेल्या अक्षरांतून नवा पत्ता किंवा नवा नंबर दिसला, की तिथेच थांबून खिडकी बंद करावी.

राहिली विसरलेली खाती. जुना डबा गेल्यामुळे त्यावर कुठे कुठे नोंदणी केली होती याची यादीही गेलेली असते. ती ब्राउझरच्या साठवलेल्या पासवर्डांत सापडते: तिथे वापरकर्त्याच्या नावात जुना पत्ता शोधला की वीजबिल, विमा, रेल्वे तिकीट असं एकेक वर येतं. त्यातल्या सरकारी आणि बँकेच्या खात्यांची काळजी तुलनेनं कमी, कारण तिथे ईमेलखेरीज दुसरी वाट आहे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर आधारशी जोडलेल्या मोबाईलच्या ओटीपीनं पासवर्ड बदलता येतो, आणि बँकेतला ईमेल शाखेत जाऊन बदलता येतो. आधारचा मोबाईल मात्र घरबसल्या बदलेल असं गृहीत धरू नये. केंद्रात प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे दिले की ते काम खात्रीनं होतं.

या बांधणीत एक चूक हुशार माणसंही करतात. दोन ईमेल खाती काढतात आणि एकमेकांना एकमेकांचा पर्यायी पत्ता करून ठेवतात. फोन चोरीला गेला आणि दोन्ही त्यावरच उघडी होती, तर एकाचा कोड दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात, असं माणूस गोल फिरत राहतो. म्हणून साखळीचं शेवटचं टोक इंटरनेटबाहेर हवं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून पासबुकांच्या पिशवीत ठेवावेत. नवा संच काढला की जुना रद्द होतो, तेव्हा जुना कागद फाडून टाकावा.

आई-वडिलांच्या फोनमध्येही एकदा पाहावं. त्यांचं खातं मुलानं किंवा मुलीनं काढून दिलेलं असतं, आणि पर्यायी पत्ता म्हणून स्वतःच्या तेव्हाच्या कॉलेजचा किंवा कंपनीचा मेल टाकलेला असतो. पासवर्ड आठवत असताना, फोन हातात असताना तो बदलायला दहा मिनिटं पुरतात. या रविवारी ते काम करून टाका.